वर्गणीचा गणपती: घरातला उत्सव पेठेचा कसा झाला

सार्वजनिक गणेशोत्सवाची गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून मंडपातल्या भाषणापर्यंत एकाच पद्धतीने सांगितली जाते. इंग्रजांनी लोकांना एकत्र जमायला बंदी केली होती, म्हणून लोकमान्य टिळकांनी धर्माच्या आडून लोकांना एकत्र आणले आणि घरातला गणपती रस्त्यावर बसवला. या गोष्टीत तथ्य आहे, पण तिचा पाया कच्चा आहे. १८९३ च्या सुमारास सभा भरवण्यावर सरसकट बंदी नव्हती. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० पासून उघडपणे काम करत होती, काँग्रेसची अधिवेशने १८८५ पासून दरवर्षी भरत होती आणि १८९५ चे अधिवेशन तर पुण्यातच भरले. सभांवर बंधने घालणारा खास कायदा आला तो १९०७ साली, म्हणजे उत्सव सुरू झाल्यावर चौदा-पंधरा वर्षांनी.

बंदी हे कारण नसेल, तर मग घराघरातला एक कुळाचार काही वर्षांत शहराचा सोहळा कसा झाला? इतिहासकारांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. कोणी श्रेय टिळकांना देतात, कोणी भाऊसाहेब रंगारी आणि त्यांच्या मित्रांना. कोणी याकडे १८९३ च्या दंगलींची प्रतिक्रिया म्हणून पाहतात, तर कोणी पेशवाईतल्या उत्सवाचे पुनरुज्जीवन म्हणून. या उत्तरांचा आढावा घेताना एक गोष्ट सारखी समोर येते. मूर्ती घराबाहेर आली यापेक्षा उत्सवाचा खर्च घराबाहेर गेला, हा बदल जास्त मोठा होता. एका कुटुंबाच्या पैशावर होणारी पूजा वर्गणीवर होऊ लागली, तेव्हा तिचा मालक बदलला. पुढची तीस-पस्तीस वर्षे या उत्सवाभोवती जे जे वाद झाले, ते मुळात या मालकीचे वाद होते.

घरचा गणपती आणि वाड्याचा गणपती

भाद्रपद शुद्ध चतुर्थीचे घरचे व्रत ही पार्थिव पूजा आहे. मातीची मूर्ती आणायची, प्राणप्रतिष्ठा करायची, एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखवायचा आणि ठरलेल्या दिवशी उत्तरपूजा करून मूर्ती पाण्यात सोडायची. गणपती दीड दिवसाचा, पाच दिवसांचा, गौरींबरोबर जाणारा की दहा दिवसांचा, हे घरच्या कुळाचाराने ठरते. पूजा घरचा कर्ता पुरुष करतो, सोवळेओवळे घरचे असते आणि सुतक आले तर उत्सव अडतो. शेजारी आरतीला येतात, प्रसाद घेतात, पण ते पाहुणे म्हणून येतात. उत्सव कोणाचा, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही.

पेशव्यांनी हाच घरचा उत्सव राजवाड्याच्या ऐश्वर्याने केला. गणपती हे त्यांचे आराध्यदैवत. शनिवारवाड्यातल्या गणेश रंगमहालात उत्सवात कीर्तने, गायन आणि भोजने होत. पेशव्यांच्या आश्रयाने सरदारांच्या वाड्यांतही उत्सव मोठे झाले. तरी हा उत्सव यजमानाचाच होता. लोक दर्शनाला येत, खर्च धनी करी. १८१८ मध्ये पेशवाई गेली, तेव्हा हा खर्च करणारा धनीच राहिला नाही. पुण्यातला उत्सव पुन्हा घरांपुरता उरला. जिथे मराठी संस्थान टिकले, तिथे मात्र थाट टिकला. शिंद्यांच्या ग्वाल्हेरात गणपतीचा उत्सव दरबारी इतमामाने होत असे आणि पुण्यातल्या कृष्णाजीपंत खासगीवाल्यांना सार्वजनिक उत्सवाची कल्पना ग्वाल्हेरचा सोहळा पाहूनच सुचली, असे सांगतात.

म्हणून याला पेशवाईचे पुनरुज्जीवन म्हणणे अर्धेच खरे आहे. वैभवाची आठवण पेशवाईची होती, पण पेशव्यांच्या जागी उभा राहील असा एक धनी आता पुण्यात कोणी नव्हता. ती जागा पेठेतल्या अनेकांनी मिळून भरायची होती.

पहिला मान कोणाचा

आरंभ नेमका कोणी केला, हा वाद पुण्यात आजही मिटलेला नाही. २०१७ मध्ये महापालिकेने शतकोत्तर रौप्यमहोत्सव साजरा केला, तेव्हा भाऊसाहेब रंगारी मंडळाने आपला उत्सव १८९२ चा असल्याचे सांगून हरकत घेतली होती. भाऊ लक्ष्मण जावळे हे त्यांचे खरे नाव. कापड रंगवण्याच्या व्यवसायामुळे रंगारी हे नाव पडले आणि ते वैद्यकीही करत. खासगीवाले, रंगारी आणि गणपतराव घोटवडेकर यांनी पहिले सार्वजनिक गणपती बसवले, याबद्दल फारसा मतभेद नाही. २६ सप्टेंबर १८९३ च्या ‘केसरी’ने या नव्या प्रघाताचे कौतुक केले. टिळकांनी स्वतः विंचूरकर वाड्यात गणपती बसवला तो १८९४ मध्ये. मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईकांच्या चाळीतला उत्सवही १८९३ पासूनचा.

या वादात एका बाजूने निकाल देण्यापेक्षा ही माणसे कोण होती, हे पाहणे जास्त उपयोगाचे. एक जुन्या सरदारी वळणाचे घराणे, एक रंगारी आणि वैद्य, शिवाय दगडूशेठ हलवाई यांच्यासारखे पेठेतले व्यापारी. त्यांच्या जोडीला तालमी होत्या. पुण्याच्या पेठांत तालीम ही कसरतीची जागा तर होतीच, पण आळीतल्या तरुणांची तयार संघटनाही होती. गुरुजी तालमीच्या गणपतीचा आरंभ १८८७ चा आणि तो हिंदू-मुसलमानांनी मिळून केलेला, असे त्या मंडळाची परंपरा सांगते. म्हणजे टिळकांनी लेखणी उचलण्याआधीच पेठेत मूर्ती, माणसे आणि पैसा गोळा करण्याची क्षमता तयार झालेली होती. टिळकांनी तिला वर्तमानपत्र दिले, राजकीय अर्थ दिला आणि पुण्याबाहेर नेले. एकट्या टिळकांनी उत्सव निर्माण केला असे म्हटले, तर पेठेचे हे कर्तृत्व झाकले जाते. टिळकांना वगळले, तर पेठेतला हा प्रघात नाशिक-साताऱ्यापर्यंत का पसरला, हे कळत नाही.

रंगारींची मूर्तीही लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. मंडळाने तीच मूर्ती आजतागायत जपली आहे. घरच्या पूजेतला गणपती शांत बसलेला आणि वरद हात दाखवणारा असतो. हा गणपती राक्षसाचा वध करताना दाखवला आहे. घरच्या देव्हाऱ्यात अशी मूर्ती कोणी सहसा बसवणार नाही. ती बाहेरच्या लोकांनी पाहावी आणि पाहून काही समजावे म्हणूनच घडवलेली आहे.

ताबुतांची सोबत आणि तुटलेला धागा

१८९३ च्या आधी पुण्याच्या रस्त्यावरचा मोठा लोकोत्सव मोहरमचा होता. ताबूत बसत, मिरवणुकीने नदीवर जात आणि त्यात हिंदू मोठ्या संख्येने असत. अनेक हिंदू घरांचे आणि आळ्यांचे स्वतःचे ताबूत होते, तर कित्येक हिंदू सोंगे घेऊन आणि गाणी म्हणत टोळ्यांतून फिरत. आळीने पैसे जमवून काही उभारायचे, काही दिवस त्याभोवती जागर करायचा आणि शेवटी वाजतगाजत पाण्यात शिरवायचे, ही सगळी रीत पुणेकरांना मोहरममुळे पाठ होती.

१८९३ मध्ये काठेवाडातल्या प्रभासपाटणला आणि नंतर ऑगस्टमध्ये मुंबईत दंगली झाल्या. गोरक्षणाच्या चळवळीने आधीच तणाव वाढला होता. सरकार मुसलमानांची बाजू घेते, अशी भावना पुण्याच्या पुढाऱ्यांत पसरली आणि ‘केसरी’ने ती उघडपणे मांडली. १८९४ च्या जुलैत मोहरम आला, तेव्हा पुण्यातल्या हिंदूंनी त्यापासून अंग काढून घ्यावे असा प्रचार झाला आणि तो बऱ्याच अंशी यशस्वी ठरला. दोन महिन्यांनी भाद्रपद आला. ताबुतांपुढे नाचणाऱ्या टोळ्यांसारखेच आता गणपतीपुढे मेळे उभे राहिले. मुलांचे आणि तरुणांचे गट, एकसारखा पोशाख, हातात टिपऱ्या आणि तालावर म्हणायची पदे. काही मेळ्यांनी शिवकालीन मावळ्यांचा वेश घेतला. ‘सन्मित्र समाज’ हा त्यातला सर्वांत गाजलेला मेळा.

त्याच सप्टेंबरात सरदार तात्यासाहेब नातूंचा मेळा रात्री दारूवाला पुलाजवळच्या मशिदीवरून वाद्ये वाजवत गेला आणि मारामारी झाली. मशिदीपुढे वाद्ये वाजवावीत की नाही, हा प्रश्न त्यानंतर दरवर्षी पोलिसांच्या हुकमात आणि वर्तमानपत्रांच्या स्तंभांत येत राहिला.

या भागाबद्दल आपल्याकडे अवघडून बोलले जाते. मला वाटते, ते सरळ बोलायला हवे. सार्वजनिक गणेशोत्सव इंग्रजांविरुद्धच्या जागृतीचे साधन झाला हे खरे आहे आणि त्याचा पहिला जोर हिंदू-मुसलमान वैरातून आला हेही तितकेच खरे आहे. नव्या उत्सवाने आपली रचना त्याच सणाकडून उचलली, ज्याच्याशी त्याने नाते तोडले. शहराचे सगळे लोक एका रस्त्यावर येण्याची जी जागा मोहरममध्ये होती, ती त्या वर्षी आक्रसली. नवी जागा मोठी होती, पण तिच्यात पूर्वीचे काही शेजारी नव्हते.

दहा दिवस आणि एक मिरवणूक

रस्त्यावर आल्यावर उत्सवाचे कालमान बदलले. घराचा कुळाचार असतो, मंडळाला कुळाचार नसतो. दीड दिवस की सात दिवस, हे ठरवणारा पूर्वज तिथे नव्हता. म्हणून चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंतची सर्वांत लांब मुदत घेतली गेली आणि सगळ्यांचे विसर्जन एकाच दिवशी ठेवले गेले. या साध्या सोयीचा परिणाम फार मोठा झाला. दहा संध्याकाळी मोकळ्या झाल्या आणि त्या व्याख्याने, कीर्तने, पोवाडे, मेळ्यांची पदे यांनी भरल्या. शेवटच्या दिवशी सगळ्या पेठा एकाच वेळी, एकाच नदीकडे निघू लागल्या.

आता पुढे कोण जाणार, हा प्रश्न आला. घरचा गणपती विसर्जनाला नेताना असा प्रश्न येत नाही, पण एकामागून एक जाणाऱ्या गणपतींत क्रम लावावाच लागतो. पहिल्याच वर्षांत यावरून तंटा झाला आणि अखेर टिळकांच्या मध्यस्थीने ग्रामदैवत म्हणून कसबा गणपतीला पहिला आणि ग्रामदेवता म्हणून तांबडी जोगेश्वरीला दुसरा मान देण्यात आला. नंतर गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा असा मानाच्या पाच गणपतींचा क्रम रूढ झाला. धन, जात किंवा आरंभाचे वर्ष यांपैकी कशालाही पहिला मान दिला गेला नाही. गावाची जुनी दैवते पुढे ठेवल्यामुळे कोणाचीच हार झाली नाही. मालकी वाटली गेल्यावर भांडण कसे सोडवायचे, याचे हे पहिले आणि टिकलेले उदाहरण आहे. हा क्रम पुणे आजही पाळते.

दुसऱ्या कोणत्याही सभेपेक्षा या मिरवणुकीला एक फायदा होता. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन सरकारने दिले होते. सभा हा राजकारणाचा विषय होता, तर मिरवणूक धर्माचा. पोलीस मार्ग, वेळ आणि वाद्ये यांवर हुकूम काढू शकत होते, पण उत्सवच नको असे म्हणणे सरकारला अवघड होते. सभाबंदीची प्रचलित कथा इथे थोडी सुधारून घेतली तर बरोबर बसते. उत्सव हा बंदीवरचा तोडगा नव्हता. सभेला जे कधीच आले नसते, अशा लोकांपर्यंत पोहोचण्याची ती वाट होती. शिकलेल्या माणसांनी इंग्रजीत ठराव करून जे होत नाही, ते उत्सवातून होईल, असा विचार टिळकांनी १८९६ मध्ये ‘केसरी’त मांडला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रायगडावर शिवाजी उत्सव झाला आणि दोन्ही उत्सव एकाच विचाराच्या दोन बाजू बनले.

पदांची ताकद

सरकारला भीती वाटली ती मूर्तीची किंवा गर्दीची नव्हे, तर पदांची. व्याख्यान ऐकायला शिक्षण लागते. पद लहान मूल पाठ करते आणि घरी जाऊन म्हणते. नाशिकमध्ये सावरकर बंधूंच्या मित्रमेळ्याने हे माध्यम सर्वांत प्रभावीपणे वापरले. कवी गोविंद यांची पदे या मेळ्यातून गावोगाव गेली. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशी आणि बहिष्कार हे मेळ्यांचे नेहमीचे विषय झाले. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेले. १९०९ मध्ये गणेश दामोदर सावरकर यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तीही कविता छापल्याबद्दल. त्याच वर्षी डिसेंबरात नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला.

१९१० पासून सरकारने मेळ्यांवर पकड घट्ट केली. परवाने, पदांची आधी तपासणी, ठरलेले मार्ग आणि वेळा. उत्सव बंद झाला नाही, पण मेळ्यांतले राजकारण ओसरले आणि पौराणिक विषय, मनोरंजन यांना जागा मिळाली. सरकारने उत्सवाला हात लावला नाही आणि तरीही त्याचा आवाज बदलला. धर्माच्या कवचाची मर्यादा इथे स्पष्ट दिसते. ते मूर्तीला वाचवू शकत होते, पदाला नाही.

वर्गणी घेता, मग पूजा का नाही?

उत्सवातला सर्वांत खोल वाद आतून उठला. वर्गणी सर्वांकडून घेतली जात होती, पण पूजा करण्याचा, व्यासपीठावर बसण्याचा आणि विषय ठरवण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी ब्राह्मण पुढाऱ्यांकडे होता. पुण्यात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी १९२० च्या दशकात छत्रपती मेळा काढून त्याच रस्त्यावर, त्याच दहा दिवसांत, पदांतूनच ब्राह्मणेतर चळवळीची भूमिका मांडली. टिळकपक्षाने तयार केलेले माध्यम आता त्याच पक्षाला प्रश्न विचारत होते. यावरून पुण्यात मारामाऱ्या आणि खटले झाले.

दादरमध्ये १९२६ साली हा प्रश्न अगदी उघडा समोर आला. प्रबोधनकार ठाकरे, रावबहादुर सीताराम केशव बोले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मागणी केली की, उत्सव सार्वजनिक असेल आणि वर्गणी अस्पृश्यांकडूनही घेतली जात असेल, तर अस्पृश्यालाही मूर्तीची पूजा करता आली पाहिजे. पदाधिकाऱ्यांनी नकार दिला. मंडपासमोर लोक जमले आणि वातावरण तापले. शेवटी तडजोड निघाली, ती अशी की अस्पृश्य कार्यकर्ते मडकेबुवा यांनी स्नान करून फुले पुजाऱ्याच्या हातात द्यायची आणि पुजाऱ्याने ती मूर्तीला वाहायची.

ही तडजोड पाहिली की त्या काळातल्या सार्वजनिकतेची नेमकी सीमारेषा दिसते. फुले अस्पृश्याच्या हातून पुजाऱ्याच्या हातात जाऊ शकत होती, पण अस्पृश्याचा हात मूर्तीपर्यंत जाऊ शकत नव्हता. वर्गणीने उत्सव सर्वांचा केला होता आणि पूजेने तो पुन्हा काहींचा केला. पुढे प्रबोधनकारांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. गणपतीच्या मंडपात जागा मिळेना, तेव्हा त्यांनी दुसऱ्या देवतेचा मंडप उभारला. सार्वजनिक नवरात्राची मुंबईतली परंपरा या वादातून बळकट झाली, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

बंगाल आणि गोवा

ही घडण केवळ महाराष्ट्राची नाही, हे बंगालकडे पाहिले की कळते. प्लासीच्या लढाईनंतर कोलकात्यात नवकृष्ण देव यांनी १७५७ मध्ये आपल्या शोभाबाजारच्या वाड्यात दुर्गापूजा थाटाने केली आणि इंग्रज अधिकाऱ्यांना आमंत्रण दिले. ती श्रीमंताची पूजा होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस हुगळीकाठच्या गुप्तिपाड्यात बारा मित्रांनी वर्गणी काढून पूजा केली आणि ‘बारोवारी’ पूजेची चाल सुरू झाली. विसाव्या शतकात तिची ‘सार्वजनीन’ पूजा झाली आणि १९३० च्या दशकात सुभाषचंद्र बोस यांच्यासारखे पुढारी तिच्याशी जोडले गेले. दोन्ही ठिकाणी क्रम तोच आहे. आधी धन्याचा वाडा, मग वर्गणी, मग राजकारण. वर्गणी आणि राजकारण यांच्यामधले अंतर मात्र बंगालमध्ये शंभर वर्षांहून जास्त होते आणि पुण्यात एक-दोन वर्षांचे. पुण्यात ते इतके कमी झाले, कारण वर्गणी गोळा होताना ‘केसरी’ शेजारीच छापला जात होता.

गोव्यात याच्या उलट घडले. पोर्तुगीजांच्या धर्मसमीक्षणाच्या काळात मूर्तिपूजेवर बंदी होती. लोकांनी पत्रीचे आणि कागदावरच्या चित्रांचे गणपती घरात लपवून पुजले. ज्या राजवटीने मूर्तिपूजाच बंद केली होती, तिथे धर्माला रस्त्यावर येण्याची वाटही मिळाली नाही. गोव्यातली चवथ आजही मुख्यतः मूळ घरी, सगळे भाऊबंद एकत्र येऊन, माटोळी बांधून साजरी होते. ब्रिटिश मुलखात आणि गोव्यात देव एकच, भाषा जवळची, पण राज्यकर्त्याचे धर्माविषयीचे धोरण वेगळे. उत्सवाचे रूपही त्यामुळे वेगळे झाले.

आढाव्याअंती

म्हणून ‘गणेशोत्सव कोणी सुरू केला’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. पेशव्यांची आठवण, मोहरमची रीत, तालमींची माणसे, व्यापाऱ्यांचा पैसा, टिळकांची लेखणी आणि सरकारचे धर्माविषयीचे वचन यांतली कोणतीही एक गोष्ट काढली तर हा उत्सव असा उभा राहिला नसता. त्याहून महत्त्वाचे हे की, वर्गणीने सुरू झालेला उत्सव एकदाच सार्वजनिक होऊन थांबला नाही. मिरवणुकीच्या क्रमावरून, मशिदीसमोरच्या वाद्यांवरून, पदांवरून आणि पूजेच्या अधिकारावरून तो पुन्हा पुन्हा सार्वजनिक करावा लागला आणि प्रत्येक वेळी कोणी तरी आपला हक्क मागायला पुढे आले म्हणूनच तो झाला. आज एखाद्या मंडळाचा इतिहास लिहायचा असेल, तर स्थापनेचे वर्ष आणि मूर्तीची उंची यांच्याआधी त्या मंडळाची जुनी वर्गणीवही शोधावी. तिच्यात कोणाची नावे आहेत आणि त्यांतली किती नावे आरतीच्या ताटाजवळ पोहोचली, एवढे तपासले तरी तो उत्सव खरोखर किती लोकांचा होता ते समजेल.